भिन्नमत असलेल्या इतिवृत्ताचा सारांश

इतिवृत्तलेखन आणि सारांशलेखन यांचा परिचय आपण स्वतंत्रपणे करून घेतला आहे. ठराव एकमताने संमत झाला असेल, तर त्याचा सारांश करणे फारसे अवघड नसते. एखाद्या संचालकाने ठरावास विरोध केला असेल, तर मात्र लेखकाची कसोटी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेचा पुढील नमुना आपण या पाठासाठी रचला आहे.

‘विषय क्र. 4 : सोयाबीन स्वच्छता व प्रतवारी यंत्राची खरेदी. उपस्थित संचालक 7. यंत्रासाठी 12 लाख रुपयांचे बँक कर्ज घ्यावे, असा प्रस्ताव अध्यक्षांनी मांडला. स्वच्छ व प्रतवारी केलेल्या मालास अधिक भाव मिळतो, असे ते म्हणाले. संचालक श्री. क यांनी यंत्राची गरज मान्य केली. परंतु सभासदांकडून किती माल येईल याची लेखी हमी नसताना कर्ज घेण्यास विरोध दर्शवला. यंत्र पहिल्या हंगामात भाड्याने घ्यावे, असे त्यांनी सुचवले. सभासद माल देतीलच, असे इतर संचालकांचे मत पडले. ठराव 6 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला.’

आता एका विद्यार्थ्याने केलेला सारांश पाहा, असे समजू : ‘चर्चेअंती यंत्रखरेदीस मंजुरी देण्यात आली. श्री. क यांनी कर्जाबाबत काळजी घेण्याची सूचना केली.’ वाक्ये शुद्ध आहेत, पण सभेत घडले ते हे नव्हे. विरोधाची ‘सूचना’ झाली. कार्यालयीन मराठीत हा शब्द फार सौम्य आहे; सूचना करणारा माणूस ठरावाच्या बाजूने मत देऊ शकतो. मतांची संख्या गेली, विरोधाचे कारण गेले आणि भाड्याचा पर्यायही गेला.

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 118 प्रमाणे संचालक मंडळाच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाशी असहमत असलेल्या संचालकांची नावे नोंदवावी लागतात. यामागे व्यावहारिक कारण आहे. उत्पादक कंपन्यांसंबंधीच्या तरतुदींनुसार, कायद्याचे उल्लंघन करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत देणारे संचालक कंपनीच्या नुकसानीस संयुक्तपणे व वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. त्यामुळे कोणी कसे मत दिले हे पुढे निर्णायक ठरू शकते. ‘काही सदस्यांनी नापसंती व्यक्त केली’ असे मोघम वाक्य तेव्हा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

विरोध नेमका कशाला होता, हेही सांगितले पाहिजे. याचे चांगले उदाहरण मुंबईत मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचे आहे. सहा सदस्यांच्या या समितीचे इतिवृत्त कायद्यानुसार सभेनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. त्यात प्रत्येक सदस्याचे मत आणि निवेदन असते. ऑगस्ट 2021 मध्ये रेपो दर 4 टक्के ठेवण्यावर सर्वांचे एकमत झाले. उदार धोरणपवित्रा चालू ठेवण्याच्या भागाशी मात्र जयंत वर्मा असहमत होते. दोन प्रश्नांवरील मते स्वतंत्रपणे नोंदवली गेली. ‘एका सदस्याने निर्णयास विरोध केला’ एवढेच लिहिले असते, तर त्यांचा दर ठेवण्याला असलेला पाठिंबा झाकला गेला असता. आपल्या नमुन्यातही श्री. क यांचा विरोध कर्जाला आहे, यंत्राला नाही.

हे लक्षात घेऊन सारांश असा करता येईल : ‘सोयाबीन स्वच्छता व प्रतवारी यंत्रासाठी 12 लाख रुपयांचे बँक कर्ज घेण्याचा ठराव 6 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला. प्रतवारीमुळे मालास अधिक भाव मिळेल व सभासद माल देतील, असे बहुमताचे मत होते. संचालक श्री. क यांनी यंत्राची गरज मान्य करून, मालाची लेखी हमी नसताना कर्ज घेण्यास विरोध केला व पहिल्या हंगामात यंत्र भाड्याने घेण्याचा पर्याय मांडला.’

सहा जणांच्या मताला एक वाक्य आणि एकट्याच्या मताला त्याहून मोठे वाक्य, याने बिचकू नका. निर्णय आधी येतो, त्यामुळे त्याचे महत्त्व कमी होत नाही. आणि शब्दांची वाटणी डोकी मोजून करायची नसते. क्रियापदांवर मात्र नजर ठेवा. ‘हट्ट धरला’ म्हटले की अल्पमत हास्यास्पद होते. ‘निदर्शनास आणून दिले’ म्हटले की तेच खरे ठरते. ‘मत मांडले’ दोन्ही बाजूंना चालते. लिहून झाल्यावर अध्यक्ष आणि श्री. क या दोघांच्या नजरेने सारांश वाचा. ‘हे मी म्हणालोच नाही’ असे कोणी म्हणेल, तिथे मूळ इतिवृत्ताकडे परत जा.

स्वाध्याय : वरील सभेत एक संचालक तटस्थ राहिले आणि ठराव 5 विरुद्ध 1 मतांनी संमत झाला, असे समजून सारांश पुन्हा लिहा. तटस्थता आणि विरोध यांतील फरक तुमच्या वाक्यरचनेत दिसला पाहिजे.