सैन्यात गेल्याने कमाई घटली का?

प्रश्न : माजी सैनिक आणि इतर यांच्या सरासरी पगारांची तुलना केली, तर लष्करी सेवेचा परिणाम कळणार नाही का?

उत्तर : नाही, कारण सैन्यात कोण जातो हे योगायोगाने ठरत नाही. बाहेर चांगली नोकरी मिळण्याची आशा नसलेले तरुण स्वतःहून भरती होतात, तर प्रकृतीने दुबळ्यांना सैन्यच नाकारते. ही कारणे पगारावरही परिणाम करतात. त्यामुळे साध्या समाश्रयणाचे उत्तर कलते, आणि नमुना कितीही वाढवला तरी तो कल जात नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी व्हिएतनाम युद्धकाळातली अमेरिकी लष्करभरतीची सोडत वापरली. तीत जन्मतारखांना चिठ्ठ्या टाकून क्रमांक दिले जात आणि कमी क्रमांकवाल्यांना आधी बोलावणे येई. १९५० साली जन्मलेल्या गोऱ्या पुरुषांत सोडतीत सापडलेल्यांचे सैन्यात जाण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्के-बिंदूंनी जास्त होते, आणि १९८१ मधली त्यांची कमाई सरासरी ४३६ डॉलरनी कमी. सोडतीचा पगारावरचा परिणाम केवळ सेवेच्या वाटेने झाला असे धरले, तर ४३६ ला या प्रमाणातल्या फरकाने, म्हणजे ०.१५९ ने, भागले की सेवेमुळे झालेली घट येते : सुमारे २,७०० डॉलर. प्रमाणत्रुटी मात्र १,३०० च्या आसपास, म्हणजे आकडा ढोबळच.

यावर खरा आक्षेप असा, की सोडतीने पगारावर दुसऱ्या वाटेनेही परिणाम केला असेल. भरती टाळायला काहीजण कॉलेजातच राहिले. तसे असेल तर हा भागाकार चुकतो, आणि केवळ याच आकड्यांवरून ते पूर्णपणे तपासता येत नाही. शिवाय हे उत्तर सोडतीमुळेच गेलेल्यांचे आहे, स्वेच्छेने गेलेल्यांचे नव्हे.