अॅल्युमिनियममधला पहिला पॉकेट

जॉब असा धरू: 6061 ची प्लेट, पॉकेट 60 × 40 मिमी, खोली 12 मिमी, कोपरे 5 मिमी त्रिज्येचे. टूल 8 मिमीचं, तीन फ्लूटचं, कोटिंग नसलेलं कार्बाइड एंडमिल. त्याची त्रिज्या 4 मिमी असल्यामुळे ते कोपऱ्यात अडकून थांबत नाही, वळत जातं.

1. आधी स्पीड, मग फीड काढा.

```
S = 1000 × Vc / (π × D)
F = S × z × fz
```

कटिंग स्पीड मिनिटाला 190 मीटर घेतला तर स्पिंडल साधारण 7500 आरपीएमवर येतो. दर दाताला 0.04 मिमी धरलं, की फीड 7500 × 3 × 0.04 म्हणजे मिनिटाला 900 मिमी.

2. एका पासची खोली 3 मिमी आणि स्टेपओव्हर 3 मिमी ठेवा. चार पासमध्ये तळ येईल. भिंतींवर फिनिशिंगसाठी 0.2 मिमी सोडा. टूल सरळ खाली घुसवू नका, 3 अंशांच्या हेलिकल रॅम्पने अर्ध्या फीडला उतरवा.

भीतीपोटी फीड निम्मं करायचा मोह होतो. तसं केलं की दात कापण्याऐवजी घासतो, उष्णता वाढते आणि अॅल्युमिनियम धारेला चिकटतं. भुग्यासारखी बारीक चिप आणि भिंतीवर ओरखडे दिसले, तर हेच घडतंय. टूल किंचाळत असेल तर आधी स्टेपओव्हर किंवा आरपीएम कमी करा. चिप पॉकेटमध्ये साचू देऊ नका. कूलंट किंवा हवेचा झोत थेट टूलवर हवा.

3. आता टक्कर तपासा. सिम्युलेशनमध्ये नुसतं टूल आणि जॉब दाखवून भागत नाही. होल्डर, कोलेट नट, क्लॅम्प आणि त्याचे बोल्टही मॉडेलमध्ये असले पाहिजेत.

ER32 चा नट 50 मिमी व्यासाचा असतो. टूल नटाबाहेर 25 मिमी काढलं असेल, तर तळाशी पोचल्यावर नट प्लेटच्या वर फक्त 13 मिमी राहतो. भिंतीला लागून चालताना टूलचं केंद्र भिंतीपासून 4 मिमी आत असतं, म्हणजे नट भिंतीपलीकडे 21 मिमी येतो. पॉकेटच्या कडेपासून 15 मिमीवर क्लॅम्पचा बोल्ट 20 मिमी वर आला असेल, तर नट त्याला धडकणारच! पहिला पास बिनधोक जातो, धडक दुसऱ्या पासला बसते. म्हणून सिम्युलेशन शेवटपर्यंत चालवा. क्लॅम्प लांब सरकवा किंवा ठेंगणा बोल्ट लावा. टूल अजून बाहेर काढणं मला पसंत नाही, त्याने थरथर वाढते. रॅपिडची क्लिअरन्स उंचीही बोल्टच्या वर ठेवा.

4. टूल लेंग्थ किंवा वर्क ऑफसेट मशीनवर चुकीचा भरला असेल, तर ते सिम्युलेशनला कळत नाही. टूल प्रत्यक्षात किती बाहेर आहे ते पट्टीने मोजा. मग Z ऑफसेट 50 मिमी वर उचलून, सिंगल ब्लॉकवर आणि रॅपिड 25 टक्क्यांवर ठेवून प्रोग्रॅम हवेत चालवा. टूल खाली येऊन थांबलं, की प्लेटपासूनचं अंतर स्क्रीनवरचा आकडा अधिक 50 मिमी याच्याशी ताडून बघा. जुळलं तरच उचललेले 50 मिमी काढा.