छापील दातेरी चाकांची रचना : अंडी उबवण यंत्राचे एक उदाहरण

कोंबडीच्या अंड्यातून पिलू बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. उबवण यंत्रात यांपैकी पहिले १८ दिवस अंडी ठरावीक वेळाने कलती करावी लागतात. तसे न केल्यास वाढणारा गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटून दगावतो. लहान यंत्रांत हे काम एक छोटी विद्युत् मोटर व दातेरी चाकांची साखळी यांच्याकडे सोपविलेले असते. ही चाके आता त्रिमितीय मुद्रणयंत्रावर प्लॅस्टिकच्या तारेतून, म्हणजे फिलामेंटमधून, थरावर थर देऊन घरच्या घरी छापता येतात. मात्र रात्री एखादा दात अडकला, तर सकाळपर्यंत तबक एकाच बाजूस कललेले राहते. म्हणून अशा चाकांची रचना कशी करावी, हे नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

मॉड्यूल आणि दातांची संख्या

दाताचा आकार मॉड्यूल या मापाने सांगितला जातो. मॉड्यूलला दातांच्या संख्येने गुणले असता पिच वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. परस्परांत गुंतणाऱ्या दोन चाकांचे मॉड्यूल एकच असावे लागते.

छापील चाकाच्या बाबतीत मॉड्यूलची निवड मुद्रणयंत्राच्या तोटीवर अवलंबून असते. प्रचलित तोटीचे छिद्र ०.४ मिलिमीटर असते. पिच वर्तुळावर दाताची जाडी मॉड्यूलच्या सुमारे १.५७ पट असते. मॉड्यूल ०.५ घेतल्यास ही जाडी ०.८ मिलिमीटरच्या आत येते, म्हणजे दातात प्लॅस्टिकच्या जेमतेम दोन रेघा बसतात आणि असा दात लवकर मोडतो. मॉड्यूल १.५ घेतल्यास जाडी २.३६ मिलिमीटर होते व पाच-सहा रेघांचा भरीव दात तयार होतो. प्रस्तुत उदाहरणात हेच मॉड्यूल घेतले आहे.

दातांचा दाबकोन सामान्यतः २० अंश असतो. या कोनास १७ पेक्षा कमी दात घेतल्यास दाताचे मूळ आतून कोरले जाऊन दुर्बळ होते. म्हणून लहान चाकास १७ दात दिले. मोठ्या चाकास ५१ दात दिले असते, तर लहान चाकाचा प्रत्येक दात नेहमी त्याच तीन दातांना भेटला असता आणि एका दातातील दोष त्याच जागी झीज वाढवीत राहिला असता. त्याऐवजी ५२ दात घेतल्याने प्रत्येक दात क्रमाने सर्व दातांना भेटतो व झीज सारखी वाटली जाते.

लहान चाकाचा पिच व्यास २५.५ मिलिमीटर व मोठ्याचा ७८ मिलिमीटर येतो. दोन्ही दांड्यांमधील अंतर या बेरजेच्या निम्मे, म्हणजे ५१.७५ मिलिमीटर होय. एका टप्प्यात गती ३.०६ पटींनी कमी होते. अशा दोन टप्प्यांत ती सुमारे ९.३६ पटींनी घटते. मिनिटास ५ फेरे घेणाऱ्या मोटरीमुळे शेवटच्या दांड्याचा एक फेरा सुमारे ११२ सेकंदांत पुरा होतो. या दांड्यावरील भुजेचा अर्धा फेरा झाला की तबक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस कलते. दुसऱ्या टप्प्यातील दातांवर तिप्पट भार येत असल्याने तेथील चाकांची रुंदी १० ऐवजी १५ मिलिमीटर ठेवावी.

दातांमधील मोकळीक

गुंतलेल्या दातांमध्ये थोडी मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, ठेवावी लागते. छापताना प्लॅस्टिक किंचित बाहेर पसरून दात आराखड्यापेक्षा जाड होतात. म्हणून येथे ०.२ मिलिमीटर मोकळीक धरली असून, त्यासाठी दोन्ही चाकांचे दात प्रत्येकी ०.१ मिलिमीटरने बारीक केले आहेत. दांड्यांमधील अंतर ०.२७ मिलिमीटरने वाढविल्यासही जवळजवळ तेवढीच मोकळीक मिळते.

या मोकळिकीमुळे मोठे चाक सुमारे ०.३ अंश हलते. पहिल्या टप्प्याची हालचाल शेवटच्या दांड्यापर्यंत पोहोचताना तिपटीने घटते. म्हणून दोन्ही टप्प्यांची मिळून ढिलाई ०.४ अंशाच्या आतच राहते. तबक कलते करण्याच्या कामी ती नगण्य आहे.

चाके यंत्रात बसविण्यापूर्वी एका फळीवर योग्य अंतरावर दोन खुंट्या ठोकून जोडी हाताने फिरवून पाहावी. साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी दातांमधून न फाटता पार झाली, तर मोकळीक पुरेशी आहे असे समजावे. प्रत्येक फेऱ्यात एकाच दातापाशी अडखळ जाणवल्यास छपाईचा सांधा त्या दातावर आला आहे, असे ओळखावे. हा सांधा दोन दातांमधील खाचेत घ्यावा. चाक अर्ध्या फेऱ्यात घट्ट व उरलेल्या अर्ध्यात सैल लागल्यास मधले छिद्र मध्यावर नाही. दातांची केवळ खालची कड घासत असल्यास पहिला थर दाबला जाऊन पसरलेला असतो. त्या कडेस अर्ध्या मिलिमीटरची उतरती कापणी द्यावी.

कोणते फिलामेंट टिकते?

पीएलए छापण्यास सर्वांत सोपे व मापास काटेकोर असते. परंतु ते ठिसूळ असून सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. उबवण यंत्रातील तपमान साडेसदतीस अंशांच्या आसपास असले, तरी मोटरीजवळ ते अधिक असते. पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत तग धरते व पाणी फारच थोडे शोषते. मात्र पीईटीजीची दोन चाके एकमेकांवर कोरडी घासल्यास चिकटून ओरखडतात. झिजेस सर्वांत चांगले टिकते ते नायलॉन. ते चिवट असून त्याचे घर्षण कमी असते.

तेव्हा सर्वच चाके नायलॉनची का करू नयेत? नायलॉन हवेतील ओलावा शोषून फुगते, आणि उबवण यंत्रात तर आर्द्रता मुद्दाम राखलेली असते. नायलॉन केवळ अर्धा टक्का फुगले असे धरले, तरी मोठ्या चाकाची त्रिज्या जवळजवळ ०.२ मिलिमीटरने वाढेल व ०.२ पैकी ०.१४ मिलिमीटर मोकळीक नाहीशी होईल. दोन्ही चाके फुगल्यास जोडी अडकण्याच्या बेतास येईल. लहान चाक मात्र तेवढेच फुगले तर ०.०५ मिलिमीटरहून कमी मोकळीक जाईल.

यावरून निवड स्पष्ट होते. लहान चाकाचा दात मोठ्याच्या तिप्पट वेळा घासला जातो. म्हणून ते नायलॉनचे करावे, आणि मोठे पीईटीजीचे. दोन भिन्न पदार्थांमुळे चिकटण्याचा दोषही टळतो. नायलॉनची तार छपाईपूर्वी सुमारे ७० अंशांवर आठ ते बारा तास सुकवावी. ओली तार तोटीतून येताना तडतडते आणि दातांत बुडबुडे राहतात. चाके आडवी ठेवून छापावीत, म्हणजे दातावरील जोर थरांच्या सांध्यांना उचकटत नाही. आत जाळी अधिक भरण्यापेक्षा बाहेरच्या भिंती चार-पाच रेघांच्या ठेवणे अधिक उपयुक्त ठरते.

बसविताना दातांना सिलिकॉनचे ग्रीज लावावे. अंड्यांची प्रत्येक खेप संपल्यावर चाकांखाली बारीक भुगा पडला आहे काय, हे पाहावे. भुगा दिसल्यास किंवा दातांचे शेंडे टोकदार झाले असल्यास लहान चाक बदलावे. नवे चाक छापून तयार ठेवले, तर पुढील खेपेची अंडी आत ठेवण्यापूर्वीच ते बसविता येते.