कार्यालयाची जागा भाडेपट्ट्याने घेण्याचा ठराव

प्रस्तावना

संस्थेला किंवा कंपनीला स्वतःचे हात नसतात. तिच्या वतीने कोणीतरी व्यक्ती स्वाक्षरी करते, पैसे देते आणि किल्ली ताब्यात घेते. त्या व्यक्तीला हा अधिकार कोठून मिळाला, या प्रश्नाचे लेखी उत्तर म्हणजे ठराव होय. सभेतील चर्चा विसरली जाते. ठरावाचे शब्द मात्र वर्षानुवर्षे वाचले जातात. म्हणूनच ठरावाची भाषा नेमकी असावी लागते.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना –
• भाडेपट्ट्याच्या ठरावातील चार आवश्यक बाबी सांगता येतील;
• सदोष ठरावातील उणिवा ओळखता येतील;
• दिलेल्या माहितीवरून ठराव लिहिता येईल.

1. एक सदोष ठराव

इंदूर येथील एका खासगी कंपनीला कार्यालयासाठी जागा हवी आहे, असे समजू. संचालक मंडळाच्या सभेनंतर इतिवृत्तात पुढील नोंद झाली :

"कार्यालयासाठी योग्य जागा वाजवी भाड्याने सुमारे तीन वर्षांसाठी घेण्यास मंजुरी देण्यात आली. संचालकांनी पुढील कार्यवाही करावी."

वाक्ये शुद्ध आहेत, परंतु ठराव निरुपयोगी आहे. जागा कोणती, हे कळत नाही. 'वाजवी' भाडे एकाला 30,000 रुपये वाटेल, तर दुसऱ्याला 50,000. 'सुमारे तीन वर्षे' या शब्दांवरून मुदत कधी संपते ते सांगता येत नाही. अनामत रकमेचा उल्लेखच नाही. मंडळावर तीन संचालक असतील, तर स्वाक्षरी त्यांपैकी कोणी करायची? असा ठराव पाहून सावध जागामालक करार करणार नाही, कारण समोरची व्यक्ती कंपनीला बांधून घेऊ शकते की नाही, याची त्याला खात्री पटत नाही.

2. चार आवश्यक बाबी

(अ) मुदत : मुदत वर्षांत सांगावी आणि तिची सुरुवात व शेवट तारखेने द्यावा. तीन वर्षांची मुदत 1 एप्रिल 2026 रोजी सुरू झाली, तर ती 31 मार्च 2029 रोजी संपते. '1 एप्रिल 2029 पर्यंत' असे लिहिल्यास एक दिवस वाढतो आणि त्या दिवसाच्या भाड्यावरून वाद उद्भवू शकतो.

मुदतीला कायदेशीर महत्त्वही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 आणि नोंदणी अधिनियम, 1908 यांनुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणी टाळली, तर तीन वर्षांच्या मुदतीचा पुरावा म्हणून तो दस्त न्यायालयात मांडता येत नाही. अशा वेळी भाडे महिन्यामहिन्याचे आहे असे सामान्यतः मानले जाते आणि ते 15 दिवसांच्या सूचनेने संपुष्टात आणता येते. अनेक ठिकाणी अकरा महिन्यांचे करार का केले जातात, याचे कारण या तरतुदीत आहे. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 नुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असल्यामुळे तेथे ही पळवाट उपयोगी पडत नाही.

(आ) भाडे : दरमहा रक्कम आकड्यांत व अक्षरांत लिहावी. भाडे वाढणार असेल, तर वाढ कशावर मोजायची तेही सांगावे. 40,000 रुपये भाड्यात दर वर्षी, मागील वर्षाच्या भाड्यावर 5 टक्के वाढ धरली, तर दुसऱ्या वर्षी 42,000 आणि तिसऱ्या वर्षी 44,100 रुपये होतात. वाढ मूळ भाड्यावर धरली, तर तिसऱ्या वर्षाचे भाडे 44,000 रुपयेच राहते. केवळ '5 टक्के वाढ' या शब्दांतून दोन्ही अर्थ निघू शकतात.

(इ) अनामत रक्कम : ही रक्कम म्हणजे भाडे नव्हे, ती परत मिळावयाची असते. म्हणून ती किती, तिच्यावर व्याज आहे की नाही आणि ती केव्हा परत मिळेल, हे तिन्ही मुद्दे लिहावेत.

(ई) स्वाक्षरीचा अधिकार : कंपनी अधिनियम, 2013 नुसार मंडळाने रीतसर प्राधिकृत केलेला अधिकारी किंवा कर्मचारी कंपनीच्या वतीने करारावर स्वाक्षरी करू शकतो. ठरावात त्याचे पूर्ण नाव व पद द्यावे. नाव ओळखपत्रावर असेल तसेच लिहावे. ठरावात एक आणि ओळखपत्रावर दुसरे नाव दिसले, तर नोंदणीच्या वेळी काम अडते.

3. नमुना ठराव

विषय क्रमांक 3 : कार्यालयासाठी जागा भाडेपट्ट्याने घेणे.

"असे ठरविण्यात येते की, कंपनीच्या इंदूर येथील कार्यालयासाठी ............ (पूर्ण पत्ता) येथील दुसऱ्या मजल्यावरील 600 चौरस फूट चटई क्षेत्राची जागा, जागामालक श्री. ............ यांच्याकडून पुढील अटींवर भाडेपट्ट्याने घेण्यास मंजुरी देण्यात यावी :

(1) मुदत : तीन वर्षे, दि. 1 एप्रिल 2026 ते दि. 31 मार्च 2029.
(2) भाडे : पहिल्या वर्षी दरमहा रु. 40,000 (अक्षरी रुपये चाळीस हजार). त्यानंतर दर वर्षी, मागील वर्षाच्या भाड्यावर 5 टक्के वाढ. लागू असलेले कर वेगळे.
(3) अनामत रक्कम : रु. 2,40,000 (अक्षरी रुपये दोन लाख चाळीस हजार), बिनव्याजी. मुदत संपून जागेचा ताबा परत देताना, देय रक्कम असल्यास ती वजा करून परत मिळावी.

असेही ठरविण्यात येते की, कंपनीच्या संचालक श्रीमती ............ यांना वरील अटींनुसार भाडेपट्ट्यावर कंपनीच्या वतीने स्वाक्षरी करण्यास व नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात उपस्थित राहण्यास प्राधिकृत करण्यात यावे."

सूचक : ............ अनुमोदक : ............
ठराव सर्वानुमते मंजूर.

4. ठरावानंतर

ठरावाची सत्यप्रत भाडेपट्ट्याच्या कागदपत्रांसोबत सादर केली जाते. ठरावाची तारीख स्वाक्षरीच्या तारखेपूर्वीची आहे ना, हे प्रथम पाहावे. तारीख नंतरची असेल, तर स्वाक्षरी केली त्या दिवशी अधिकारच नव्हता, असा आक्षेप घेता येतो.

स्वाक्षरीच्या दिवशी जागामालकाने 45,000 रुपये भाडे मागितले, तर काय करावे? नमुना ठरावातील अधिकार 'वरील अटींनुसार' एवढाच आहे. श्रीमती संचालकांना वाढीव भाडे स्वतःहून मान्य करता येणार नाही. विषय पुन्हा मंडळापुढे न्यावा लागेल. 'वरील अटींनुसार' हे दोन शब्द कंपनीचे संरक्षण करतात, तसेच स्वाक्षरी करणाऱ्या व्यक्तीचेही.

पाठगत प्रश्न

1. 1 जुलै 2026 पासून सुरू होणारी दोन वर्षांची मुदत कोणत्या तारखेस संपेल?
2. पहिल्या वर्षी दरमहा 20,000 रुपये भाडे आणि दर वर्षी मागील वर्षाच्या भाड्यावर 10 टक्के वाढ असल्यास तिसऱ्या वर्षाचे दरमहा भाडे किती?
3. 'संचालकांनी पुढील कार्यवाही करावी' हे वाक्य अपुरे का आहे, ते दोन वाक्यांत लिहा.

उत्तरे

1. 30 जून 2028.
2. 24,200 रुपये.
3. कोणत्या संचालकाने स्वाक्षरी करायची, हे त्यातून कळत नाही. त्याला कोणत्या अटींपुरता अधिकार दिला आहे, तेही स्पष्ट होत नाही.