बदली तासाची चिठ्ठी

नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा हे गाव आहे. तेथील एका शाळेत मी पुष्कळ वर्षे शिक्षक होतो आणि शेवटी मुख्याध्यापक झालो. त्या काळात माझ्या हाती आलेल्या अनेक कागदांपैकी दोन चिठ्ठ्या मला अजून आठवतात. एक मी लिहिली होती, दुसरी मला मिळाली होती.

मुलांनो, एखादे शिक्षक रजेवर गेले म्हणजे त्यांच्या तासाला दुसरे शिक्षक येतात, हे तुम्ही नेहमी पाहता. त्याला बदली तास म्हणतात. कोणी कोणत्या वर्गावर जायचे, हे शाळेतील बदली तासाच्या वहीत लिहिलेले असते आणि जाणारे शिक्षक तीत सही करतात. परंतु त्या वहीत वर्ग आणि तास एवढेच असते. वर्गात गेल्यावर काय करायचे, हे रजेवर जाणाऱ्या शिक्षकाने मागे ठेवलेल्या चिठ्ठीवरूनच समजते.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा नवा शिक्षक होतो. मला अचानक दोन दिवस बाहेरगावी जावे लागले. निघताना घाईने मी तीन ओळी लिहून ठेवल्या : ‘सातवी अ. पान ३१ पासून पुढे शिकवावे. डावीकडील रांगेतील पहिल्या मुलास कमी ऐकू येते.’ चिठ्ठी पुरेशी आहे, असे मला वाटले. कारण वर्ग माझ्या डोळ्यांपुढे होता.

माझ्या जागी आलेल्या शिक्षकांच्या डोळ्यांपुढे तो नव्हता. डावीकडील म्हणजे कोणाच्या डावीकडील? मी टेबलापाशी वर्गाकडे तोंड करून उभा असल्याची कल्पना करून लिहिले होते. त्यांनी मात्र बसलेल्या मुलांची डावी बाजू धरली. त्यामुळे ज्या मुलाला उत्तम ऐकू येत होते, त्याच्याशी ते मोठ्याने बोलले; आणि ज्याला ऐकू येत नव्हते, त्याला त्यांनी फळ्यावर लिहीत असताना, पाठमोरे राहूनच, प्रश्न विचारला. एकदा विचारला, दोनदा विचारला. मुलगा गप्प. तो उद्धट आहे असे समजून त्यांनी त्याला तासभर वर्गाबाहेर उभे केले.

मी परत आलो, तेव्हा तो मुलगा शाळेत नव्हता. दोन दिवस तो आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो. बराच वेळ तो बोलेना. शेवटी खाली पाहत म्हणाला, “सर, तुम्ही त्यांना सांगून गेला नव्हता का?”

मी सांगून गेलो होतो. पण ते सांगणे माझे मलाच समजणारे होते. चूक त्या शिक्षकांची नव्हती, माझ्या चिठ्ठीची होती.

दुसरी चिठ्ठी २०१५ सालच्या ऑगस्टमधली. आमच्या शाळेतील गणिताच्या बाई रजेवर होत्या. त्या दिवशी दुसरे कोणी मोकळे नव्हते, म्हणून त्यांच्या सातवीच्या वर्गावर मीच गेलो. टेबलाच्या खणात त्यांनी दोन कागद आणि एक बंद पाकीट ठेवले होते.

पहिल्या कागदावर वर्गाचा नकाशा होता. खालच्या कडेला ‘फळा’, उजव्या कडेला ‘दार’ आणि डाव्या कडेला ‘खिडक्या’ असे लिहिले होते. कागद हातात धरून फळ्याला पाठ करून उभे राहिले, की नकाशातील दार खऱ्या दाराच्या बाजूस येई. रांगांना डावी-उजवी अशी नावे नव्हती. ‘दाराकडील’, ‘मधली’ आणि ‘खिडकीकडील’ अशी होती. दार काही कोणासाठी जागा बदलत नाही. २९ वर्षांपूर्वी मला जे सुचले नव्हते, ते बाईंनी तीन शब्दांत साधले होते. प्रत्येक बाकावर मुलांची नावे होती. दोन नावांखाली रेघ होती आणि बाजूला कारण होते : ‘चष्मा अजून मिळालेला नाही; पुढचा बाक बदलू नये.’

दुसऱ्या कागदावर दिवसाचा क्रम होता. मुलांची नावे गाळून त्यातील काही भाग येथे देतो.

‘हजेरी दुसऱ्या घंटेनंतर घ्यावी, दूरची मुले तोवर पोहोचतात. नावे हजेरीपटावरून घ्यावीत, बाकांवरून नव्हे, कारण मुले जागा बदलून बसण्याची शक्यता आहे.

‘गुणोत्तर झाले आहे. प्रमाण शिकवलेले नाही; ते सुरू करू नये. सोबतची सहा उदाहरणे सोडवून घ्यावीत. उत्तरे मागील बाजूस आहेत. ज्यांचे लवकर होईल, त्यांनी तशीच दोन उदाहरणे स्वतः तयार करून शेजाऱ्यास द्यावीत.

‘नदीपलीकडून नऊ मुले येतात. शाळा सुटण्यापूर्वी नदीच्या पाण्याची चौकशी करावी. पाणी चढत असेल, तर घरचे माणूस आल्याशिवाय त्यांना सोडू नये. यादी हजेरीपटात आहे.’

शेवटची सूचना वाचून मी खिडकीबाहेर पाहिले. लख्ख ऊन पडले होते. पण बाईंची सूचना बरोबर होती. कन्हान सातपुड्यात, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तिकडे मोठा पाऊस झाला, तर खाप्याला आभाळ निरभ्र असतानाही नदी चढू शकते. नव्या शिक्षकाने केवळ आकाशाकडे पाहून मुलांना सोडले असते. म्हणूनच बाईंनी ‘पाऊस असल्यास’ असे न लिहिता ‘पाण्याची चौकशी करावी’ असे लिहिले होते.

मी उदाहरणे सोडवून घेऊ लागलो. पहिले असे होते : ५ किलो संत्र्यांना २०० रुपये पडतात, तर ८ किलोंना किती? मुलांनी प्रथम एका किलोची किंमत ४० रुपये काढली आणि तिला ८ ने गुणून ३२० रुपये उत्तर आणले. मला प्रमाण मांडून तेच उत्तर काढण्याची रीत दाखवण्याचा मोह झाला. खडू हातात घेतलाही. तेवढ्यात कागदावरील ‘सुरू करू नये’ हे शब्द दिसले. एका तासात ती रीत अर्धवट समजली असती. दुसऱ्या दिवशी बाईंना आधी माझी मांडणी पुसून मग आपली शिकवावी लागली असती. मी खडू खाली ठेवला.

आता त्या पाकिटाविषयी. त्यावर लिहिले होते : ‘फक्त शिक्षकांसाठी. वर्गात वाचून दाखवू नये. काम झाल्यावर परत द्यावे.’ आत एकच चिठ्ठी होती :

‘दाराकडील रांगेत, तिसऱ्या बाकावर, वाटेच्या बाजूस बसणाऱ्या मुलाला क्वचित फेफरे येते. भिंतीवर डोके आपटू नये म्हणून तो तेथे बसतो. झटका आल्यास प्रथम घड्याळ पाहावे. जवळचे बाक सरकवावेत. डोक्याखाली घडी केलेले कापड द्यावे, गळ्याजवळचे बटण सोडावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. जमेल तेव्हा कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरा झटका आला, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. घरचा फोन नंबर खाली आहे.’

मी मुख्याध्यापक होतो. तरी माझ्या शाळेतील या मुलाची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

दुसऱ्या तासाला, १२ वाजून ७ मिनिटांनी, तो मुलगा बाकावरून खाली घसरला. त्याचे अंग ताठ झाले आणि हातपायांना झटके येऊ लागले. वर्गात ओरड झाली. एक मुलगा दाराबाहेर धावला आणि चप्पल घेऊन आला. त्याला दोष देता येत नाही. माझ्या लहानपणी मी मोठ्या माणसांना हेच करताना पाहिले होते. ती चिठ्ठी वाचली नसती, तर कदाचित मीच चप्पल मागितली असती. मी त्याला थांबवले. आम्ही बाक सरकवले, माझा पंचा त्याच्या डोक्याखाली ठेवला आणि वाट पाहिली. वाट पाहणे हेच त्या वेळी सर्वांत अवघड काम होते. १२ वाजून ९ मिनिटांनी झटके थांबले. मी त्याला कुशीवर वळवले. हळूहळू त्याने डोळे उघडले. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत आम्ही त्याला पाणी दिले नाही. मग त्याच्या आईला फोन केला.

त्या दिवसाच्या कागदाच्या पाठीवर बाईंनी कोरी जागा सोडली होती : ‘काय झाले, काय राहिले, हे कृपया येथे लिहावे.’ मी लिहिले : चार उदाहरणे झाली, दोन राहिली, दोन मुले गैरहजर, १२.०७ ते १२.०९ झटका, एकदाच. नदीचे पाणी चढलेले नाही. नऊही मुले वेळेवर सोडली.

दोन दिवसांनी बाई भेटल्या. त्या मुलाला घेऊन त्याची आई डॉक्टरांकडे गेली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “झटका किती वेळ टिकला?” आईजवळ उत्तर होते. मी लिहिलेली ओळ बाईंनी तिला एका कागदावर उतरवून दिली होती.

मी बाईंना विचारले, “इतकी चिठ्ठी लिहायला किती वेळ लागला?”

त्या म्हणाल्या, “लिहायला अर्धा तास. पण लिहून झाल्यावर मी ती पाचवीच्या बाईंना दिली आणि म्हटले, ‘माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहा आणि चष्मा नसलेला मुलगा मला दाखवा.’ पहिल्या वेळी त्यांनी भलताच मुलगा दाखवला. मग मी नकाशा पुन्हा काढला.”

स्वाध्याय

१. १९८६ सालच्या चिठ्ठीतील कोणत्या शब्दामुळे घोटाळा झाला? बाईंनी तो कसा टाळला?
२. ऊन पडले असतानाही नदीच्या पाण्याची चौकशी का करायची होती?
३. प्रमाण ‘सुरू करू नये’ असे बाईंनी का लिहिले असावे?
४. आजाराची माहिती वेगळ्या पाकिटात ठेवण्याचे कारण काय?
५. आपल्या वर्गाचा नकाशा काढा. तो दुसऱ्या वर्गातील मित्राला द्या आणि त्यातील एक बाक शोधून दाखवण्यास सांगा. तो चुकला, तर नकाशात काय राहिले ते लिहा.