‘मेल्या’ कधी लाड, कधी शिवी?

आमच्या मानवतकडे आईने पोराला ‘मेल्या’ किंवा ‘मुडद्या’ म्हटलं तर कोणी मान वर करून बघत नाही. पण तेच हॉस्टेलच्या खोलीत फोनच्या स्पीकरवर ऐकलं की बाहेरगावचा रूममेट दचकतो. शब्दाचा अर्थ धरला तर त्याचं चुकत नाही. ‘मेल्या’ म्हणजे मेलेला आणि ‘मुडदा’ म्हणजे प्रेत. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला असे सगळे शब्द एकाच ‘बॅड वर्ड्स’च्या खात्यात टाकायला शिकवलं होतं. मात्र मराठीत नुसत्या शब्दावरून निकाल देता येत नाही. आजूबाजूचं वाक्यही ऐकावं लागतं.

आता तेच फोनवरचं वाक्य घेऊ: ‘मेल्याऽ, दोन दिस झाले, फोन का नाही केलास रेऽ? जेवलास का?’ यात तीन खुणा आहेत. पहिली, ‘मेल्या’तला शेवटचा ‘आ’ लांबवलाय. रागातली शिवी बहुधा तुटक येते, लांबवायला तिला सवड नसते. दुसरी खूण ‘रे’. हा छोटा शब्द बोलणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या जवळ आणतो. ‘येडा आहेस का रे?’ आणि ‘येडा आहेस का?’ मोठ्याने म्हणून बघा, फरक लगेच कळेल. तिसरी आणि सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पुढचं वाक्य. रागावण्याच्या मागोमाग काळजी येते: जेवलास का, औषध घेतलंस का, पैसे आहेत का. खऱ्या शिवीच्या मागे अशी काळजी नसते. मागे दुसरी शिवी येते, नाहीतर धमकी.

ही रीत जुनीच आहे. आमच्याच परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची संत जनाबाई अभंगात थेट विठ्ठलाला एकेरीवर येऊन खडसावते. तिला कोणी नास्तिक म्हणत नाही, कारण ते भांडण हक्काचं आहे. जिथं हक्क, तिथंच हे बोलणं शोभतं.

हक्क कोणाचा, हेही ठरलेलं असतं. आई, आजी, मावशी, बरोबरीचा मित्र यांना तो असतो. ‘लेका’ हा शब्द मुळात ‘मुलगा’ या अर्थाचा. मित्राला म्हटलं तर गंमत, मेसच्या काकांना म्हटलं तर उर्मटपणा. मित्रांमध्ये एक सोपी टेस्ट आहे: तोच शब्द उलट त्याला म्हणता येतो का? तुम्ही ‘गाढवा’ म्हणालात आणि त्याने हसून ‘तूच गाढव’ म्हटलं, तर बरोबरी आहे. पण फर्स्ट इयरच्या पोराला सीनियरला उलट बोलायची छाती होत नसेल, तर तो सीनियर कितीही हसत बोलो, ती मस्करी एकतर्फीच.

वाक्याची घडणही बघा. ‘अरे गाढवा, जर्नल कुठं ठेवलंस?’ ही हाक झाली. विषय जर्नलचा आहे. ‘तू गाढवच आहेस’ हा निकाल झाला. विषय माणूस आहे. चार जणांसमोर निकाल दिला की तो जास्त लागतो. आणि उलटंही घडतं: रोज ‘तू’ म्हणणारा मित्र एकदम ‘या साहेब, बसा, तुम्ही मोठे लोक’ म्हणाला, तर समजावं की तो मनापासून चिडलाय. शिवी एकही नाही, पण ‘गाढवा’पेक्षा जास्त बोचते.

टोन सगळ्या शब्दांना वाचवत नाही. ‘मेल्या’, ‘येड्या’, ‘गाढवा’ हे सौम्य शब्द आवाजाने मऊ होतात. आई-बहिणीवरून, जातीवरून, रंगावरून, शरीराच्या व्यंगावरून बोललेलं मऊ होत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून लोकांसमोर अपमान करणं हा १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या १९९९च्या रॅगिंगविरोधी कायद्यात विद्यार्थ्याला लाज वा भीती वाटायला लावणारी चिडवाचिडवी आणि शिवीगाळही रॅगिंगमध्ये धरली आहे. तिथं ‘गंमत केली’ हे सांगून भागत नाही.

मेसेजमध्ये तर आवाजच नसतो. लांबवलेला ‘आ’ नाही, चेहरा नाही. समोरासमोर चालणारं ‘मुडद्या’ नव्या ओळखीच्या माणसाला टाईप करून पाठवलं, तर त्याच्याकडे उरतो फक्त शब्दकोशातला अर्थ.

तरी शंका राहिली तर शेवटची खूण सांगतो. समोरचा गप्प झाला, हसला पण नजर खाली गेली, किंवा ‘बस कर ना’ म्हणाला, तर बोलणारा काय करतो ते बघा. लाडाने बोलणारा तिथंच थांबतो, खांद्यावर हात टाकतो, विषय बदलतो. ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ म्हणून जो तोच शब्द पुन्हा वापरतो, त्याच्या तोंडात ती शिवीच असते. मग शब्द ‘मेल्या’ असो की नुसता ‘शहाणा’.