दिरहमचा हप्ता, रुपयांचा पगार

भारतातल्या बँका अनिवासी भारतीयाला गृहकर्ज रुपयांतच देतात. तरीही धारगळच्या घराचा हप्ता परदेशी चलनात भरण्याची वेळ येऊ शकते. एक-चौदाच्या उताऱ्यावर वाटेकऱ्यांची चार नावं असली, की गहाणखत अडतं. मग दुबईत नोकरी करणारा तिथल्याच बँकेतून पगारावर वैयक्तिक कर्ज घेतो आणि पैसे गावी बांधकामाला पाठवतो. पगार दिरहममध्ये येतो तोवर यात चलनाचा धोका नाही. नोकरी सुटली आणि हप्ता रुपयांतून भरावा लागला, की हिशोब उलटतो.

किती उलटतो, ते २०१३ च्या दरांनी पाहू. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे: एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. म्हणून डॉलर चढला की रुपयात दिरहमही तितकाच चढतो. मे २०१३ च्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दिरहम सुमारे १४.७० रुपये. २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेला आणि दिरहम १८.७० च्या घरात.

समजा, कर्ज १ लाख दिरहम, मुदत ४८ महिने, घटत्या शिलकीवर व्याज ६ टक्के. हप्ता सुमारे २,३४९ दिरहम. तो मे महिन्यात साधारण ३४,५०० रुपयांना पडला असता, ऑगस्टअखेर ४३,९०० रुपयांना. व्याजदर तोच, तरी महिन्याला ९,४०० रुपये जास्त.

हप्त्यापेक्षा मुद्दलाचा फटका मोठा. वर्षभर हप्ते भरल्यावर सुमारे ७७,२०० दिरहम देणं उरतं. १८.७० च्या दराने ते १४.४ लाख रुपये होतात. १४.७० च्या दराने घर बांधायला हाती आले होते १४.७ लाख. वर्षाची फेड जवळजवळ पुसली गेली. पुढे काही आठवड्यांत रुपया थोडा सावरला, पण हप्त्याची तारीख दर उतरायची वाट पाहत नाही.

असाच फटका युरोपातही बसला. पोलंड आणि क्रोएशियात हजारो कुटुंबांनी स्वस्त व्याजासाठी स्विस फ्रँकशी जोडलेली गृहकर्जं घेतली होती. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसमोरची दराची मर्यादा सोडली आणि एका दिवसात फ्रँक उसळला. या कुटुंबांची कमाई मात्र आपापल्या देशाच्या चलनात होती.

म्हणून सही करण्याआधी हप्ता २५ टक्के महाग दराने रुपयांत मांडून पाहा. दर बाजारातला न धरता बँकेचा विक्रीदर धरा. तो जास्त असतो आणि वर पाठवणीचा खर्च लागतो. परतण्याचा बेत असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क आधीच लेखी विचारा आणि ग्रॅच्युइटी हाती येताच दिरहममध्येच कर्ज मिटवा. आणखी काही वर्षं तिथेच राहायचं असेल आणि उतारा स्वच्छ असेल, तर रुपयातलं गृहकर्ज बरं: रुपया घसरला तर तोच हप्ता कमी दिरहममध्ये भागतो.